‘सल्ला हवाय’ एवढंच लिहिलंय, आता काय विचारायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बरीच वर्षं मी ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात काम केलं. तिथे लोक टेबलाशी येऊन उभे राहतात, ‘जरा माहिती हवी होती’ म्हणतात आणि गप्प होतात. पुढचं काढून घेणं हे आमचं काम. त्यामुळे नुसतं ‘सल्ला हवाय’ असा निरोप आला की काय करावं, हे लोक मला हमखास विचारतात. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत. काही उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. कोणी नुसतं ‘सल्ला हवाय’ एवढंच लिहिलं तर पहिलं उत्तर काय द्यावं?

एक छोटं वाक्य आणि एक मोकळा प्रश्न. ‘वाचलं. काय झालंय ते सांगा ना’ एवढं पुरतं. ‘वाचलं’ हा शब्द मी मुद्दाम ठेवते. निरोप पाठवणाऱ्याला त्या क्षणी सर्वात मोठी शंका ही असते की आपलं कोणी ऐकणार आहे का.

पहिला प्रश्न मोकळा हवा, म्हणजे हो-नाही म्हणून सुटता येणार नाही असा. ‘नोकरीबद्दल आहे का?’ असं विचारलंत तर तुम्ही अंदाज बांधलात, आणि समोरच्याला तो खोडायला लावलात. पुष्कळ लोक खोडत नाहीत. ‘हो, तसंच काहीसं’ म्हणतात, आणि मग दहा मिनिटं तुम्ही भलत्याच गोष्टीवर बोलत बसता.

‘नीट सविस्तर लिहा, असं कसं कळणार?’ हेही खरं तर स्पष्टीकरण मागणंच आहे. पण त्यात दटावणी आहे, आणि सविस्तर म्हणजे किती हे समोरच्याला कुठे ठाऊक असतं?

2. पण लोक असं अर्धवट लिहितातच का? सरळ सांगायला काय होतं?

बहुतेकदा त्यांनाच अजून सरळ दिसत नसतं. रॉबर्ट टेलर या अमेरिकी ग्रंथालयशास्त्रज्ञाने 1968 साली एका लेखात माणसाच्या प्रश्नाच्या चार पायऱ्या सांगितल्या. आधी नुसती अस्वस्थता असते, तिला शब्दच नसतात. मग मनातल्या मनात तिचं विस्कळीत वर्णन तयार होतं. पुढे त्याचा स्पष्ट प्रश्न बनतो. आणि शेवटी तो प्रश्न दुसऱ्यासमोर मांडताना माणूस त्याला मुरड घालतो: ‘यांना काय कळेल, हे काय देऊ शकतील’ असा विचार करून.

‘सल्ला हवाय’ हा निरोप पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीवरून येतो. लिहिणारा आळशी नसतो, तो अजून तिसरीपर्यंत पोचलेला नसतो. तुमचे प्रश्न त्याला तिथवर आणतात. कित्येकदा त्या चढणीतच त्याचं त्याला उत्तर सापडतं आणि तुमचा सल्ला शिल्लक राहतो. राहू द्या.

चौथी पायरी मात्र फसवी आहे. तिथून आलेला प्रश्न अगदी नेमका दिसतो. आमच्याकडे एकांनी ‘कायद्याच्या पुस्तकांचं कपाट कुठलं?’ असं विचारलं. मी कपाट दाखवलं. तासाभराने तेच गृहस्थ हात हलवत परत निघाले, तेव्हा सहज विचारलं. त्यांना मृत भावाच्या बँकेतल्या खात्याचं काय करायचं ते हवं होतं. कायद्याच्या कपाटात ते सहजी सापडणारं नव्हतंच. त्यांनी माझ्यासाठी आपला प्रश्न सोपा करून आणला होता, आणि मी तो तसाच उचलला.

3. किती प्रश्न विचारले तर चालतात?

एका वेळी एक, फार तर दोन. सगळे मिळून तीन-चार. पाच प्रश्नांची यादी एकदम पाठवली की समोरचा एक तर सोप्यातल्या सोप्या प्रश्नाचं उत्तर देतो किंवा गप्प होतो. त्याला फॉर्म भरायला दिल्यासारखं वाटतं.

कुठला प्रश्न ठेवायचा आणि कुठला गाळायचा याची माझी कसोटी अशी: याचं उत्तर ‘हो’ आलं काय नि ‘नाही’ आलं काय, माझा सल्ला बदलेल का? बदलणार नसेल तर तो प्रश्न माझ्या कुतूहलाचा आहे, त्याच्या कामाचा नाही. लग्नाला किती वर्षं झाली, घरात कोण कोण असतं, पगार किती, हे आपण सवयीने विचारतो. घर विकायचं की ठेवायचं या प्रश्नात घरात कोण राहतं याने उत्तर बदलतं, तेव्हा जरूर विचारा. वरिष्ठांना पत्र कसं लिहावं यात नाही बदलत.

4. मग नेमके कोणते प्रश्न विचारायचे? काही ठरलेला साचा आहे का?

साचा नाही, पण तीन जागा आहेत. ब्रेंडा डर्विन आणि पॅट्रिशिया ड्यूडनी यांनी 1986 मध्ये ग्रंथपालांसाठी ही पद्धत मांडली आणि ती आजही मला सर्वात उपयोगी वाटते. माणूस कुठल्यातरी परिस्थितीत आहे, चालता चालता त्याला कुठेतरी खड्डा लागलाय, आणि पलीकडे पोचून त्याला काहीतरी करायचंय. प्रश्न या तिन्हींना धरून विचारायचे.

परिस्थितीसाठी मी विचारते, ‘असं काय झालं की आज हे विचारावंसं वाटलं?’ यातला ‘आज’ महत्त्वाचा. त्रास बहुधा जुना असतो. आज काहीतरी घडलेलं असतं, आणि खरी गोष्ट तिथे असते.

खड्ड्यासाठी: ‘नेमकं कुठे अडलंय?’ हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो, कारण यात दोन वेगळ्या माणसांची गाठ सुटते. एकाचं ठरतच नसतं. दुसऱ्याचं ठरलेलं असतं, पण ते करायचं कसं किंवा सांगायचं कसं हे कळत नसतं. पहिल्याला दुसऱ्याचा सल्ला दिला तर घाई होते, दुसऱ्याला पहिल्याचा दिला तर तो वैतागतो: ‘ते ठरलंय हो माझं!’

पलीकडच्या टोकासाठी: ‘हे सुटलं तर पुढे काय करायचं मनात आहे?’ किंवा साधं, ‘कधीपर्यंत काय करायचंय?’ मुदत कळली की निम्मा सल्ला आपोआप ठरतो. उद्या सकाळी उत्तर द्यायचं असेल तर ‘सहा महिने थांबून बघा’ याला अर्थ नाही.

5. एखादा प्रसंग पहिल्या निरोपापासून शेवटपर्यंत सांगाल का?

सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, प्रश्नांचा क्रम तोच आहे. निरोप आला: ‘वडिलांच्या बाबतीत सल्ला हवाय. काय करावं कळत नाही.’

माझ्या आधी तिघांनी उत्तरं दिली होती. एकाने वृद्धाश्रमाबद्दल, दुसऱ्याने मृत्युपत्राबद्दल, तिसऱ्याने ‘आईवडील एकदाच मिळतात’ असं. निरोपात यातलं काहीही नव्हतं. तिघांनी आपापल्या वडिलांना उत्तर दिलं होतं.

मी विचारलं, ‘वाचलं. असं काय झालं की आज लिहिलंत?’

‘बाबांनी काल कार फाटकावर घातली. दोन महिन्यांत दुसऱ्यांदा. वय 74. मी किल्ली काढून घेतली, तर ते बोलेनासे झालेत.’

‘कोणाला लागलं तर नाही ना? आणि आता नेमकं कुठे अडलंय? त्यांनी गाडी चालवावी की नाही हे ठरवण्यात, की ठरलेलं त्यांना सांगण्यात?’

‘लागलं नाही कोणाला. चालवू नये हे माझं पक्कं आहे. ताई म्हणते, एवढ्यावरून किल्ली काढतात का. रविवारी ती येतेय, तेव्हा बाबांशी बोलायचंय. कसं बोलू?’

इथे प्रश्न अगदी स्पष्ट झाला: रविवारी कसं बोलू. पुष्कळ लोक इथेच थांबून बोलण्याच्या युक्त्या सांगतील. मीही सांगणार होते. पण ‘पक्कं आहे’ हे कशावरून, हे मला कळलेलं नव्हतं, आणि त्यावर पुढचं सगळं अवलंबून होतं. म्हणून विचारलं, ‘दोन्ही वेळा गाडी घासली तेव्हा वेळ कुठली होती? आणि शेवटची डोळ्यांची तपासणी कधीची?’

‘दोन्ही वेळा संध्याकाळ, अंधार पडल्यावर. तपासणी दोन वर्षांत नाही.’

आता सल्ला बदलला. मोतीबिंदूत समोरून येणाऱ्या दिव्यांचा लखलखाट फार होतो आणि अंधारात दिसणं आधी मंदावतं, दिवसा मात्र माणूस ठीकठाक वावरतो. मोतीबिंदूच आहे असं मी म्हणू शकत नव्हते, ते डोळ्यांच्या डॉक्टरांचं काम. पण ‘बाबा म्हातारे झाले, गाडी बंद’ आणि ‘बाबांचे डोळे तपासायचे राहिलेत, तोवर गाडी बंद’ ही दोन वाक्यं रविवारी अगदी वेगळी ऐकू येतील हे उघड होतं. दुसऱ्या वाक्यात ताईशी भांडायला काही उरत नव्हतं.

एक प्रश्न मात्र राहिला होता, पलीकडच्या टोकाचा. ‘बाबा संध्याकाळी जातात कुठे?’ उत्तर आलं की मित्रांकडे पत्ते खेळायला, रोज. म्हणजे किल्लीबरोबर बाबांची संध्याकाळही गेली होती. अबोला कशाचा होता ते तेव्हा कळलं.

सल्ला असा दिला: रविवारची वाट न बघता आधी तपासणीची वेळ घ्या, निकाल येईपर्यंत गाडी कोणीच देऊ नये यावर ताईशी आधीच बोलून घ्या, आणि बाबांशी बोलताना सुरुवात किल्लीपासून नको, पत्त्यांपासून करा: तोवर संध्याकाळी त्यांना नेऊन कोण सोडणार हे ठरवून मगच बसा. तपासणीत डोळे ठीक निघाले तर पुढे कारण शोधावं लागेल, हेही सांगितलं. चार वेळा विचारलं, दहा मिनिटं गेली.

6. ‘का’ असं विचारू नये म्हणतात, ते खरं आहे का?

बऱ्याच अंशी. ‘का’ मध्ये जाब विचारल्याचा सूर येतो. ‘तुम्ही किल्ली का काढून घेतलीत?’ याला उत्तर म्हणून माणूस स्वतःची बाजू मांडतो, माहिती देत नाही. तेच ‘किल्ली काढताना मनात काय होतं?’ किंवा ‘कशावरून ठरवलंत?’ असं विचारलं की माहिती येते. शब्द ‘का’ चा ‘कसं, काय, कधी’ केला की पुष्कळदा काम होतं.

जवळच्या माणसाला, आवाजात माया असेल तर, ‘का गं?’ एवढंच पुरतं. लिहिलेल्या शब्दांत ती माया पोचत नाही, म्हणून लिहिताना जास्त जपायचं.

7. ‘अजून काही?’ असं शेवटी विचारलं तर सगळे ‘नाही’ म्हणतात. मग खरी गोष्ट बाहेर कशी येते?

इथे शब्दयोजना खरोखर फरक पाडते. 2007 साली जॉन हेरिटेज आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत 20 डॉक्टरांना घेऊन एक प्रयोग केला. पेशंटची पहिली तक्रार ऐकून झाली की निम्म्यांनी ‘एनीथिंग एल्स’ म्हणून पुढचं विचारायचं, निम्म्यांनी ‘समथिंग एल्स’ म्हणून. पेशंटनी भेटीआधी लिहून दिलेल्या पण न सांगता राहून जाणाऱ्या तक्रारी ‘समथिंग’ ने चांगल्याच कमी झाल्या, ‘एनीथिंग’ ने नाही. आणि तपासणीचा वेळही फारसा वाढला नाही.

हे जसंच्या तसं मराठीत आणता येत नाही, कारण आपल्याकडे दोन्हींना ‘काही’ च. आपला फरक दुसरीकडे आहे. ‘अजून काही नाही ना?’ या वाक्यात उत्तर आधीच ‘नाही’ असं भरलेलं आहे. ‘अजून काही?’ हे निम्मं मिटलेलं दार. आणि ‘आणखी काय काय आहे?’ यात असं गृहीत धरलंय की आणखी आहे. मी तिसरं वापरते. फार तर समोरचा ‘नाही, एवढंच’ म्हणेल. त्यात नुकसान नाही.

आणि हो, हे शेवटी विचारू नका. पहिली गोष्ट सांगून झाली की लगेच विचारा. सल्ला देऊन झाल्यावर ‘तसं अजून एक आहे...’ असं निघालं की सगळं पुन्हा मांडावं लागतं.

8. अर्ध्या वाक्यातच मला अंदाज आलेला असतो. तरी विचारत बसायचं?

अंदाज येतो, ते खरं आहे. अनुभवी माणसाला तर लवकर येतो. नेमका म्हणूनच तो लवकर मध्ये बोलतो. 1984 सालच्या एका प्रसिद्ध अभ्यासात बेकमन आणि फ्रँकेल या दोघांनी डॉक्टर-पेशंटच्या 74 भेटी ध्वनिमुद्रित करून तपासल्या. पेशंट बोलायला लागल्यावर सरासरी 18 सेकंदांत डॉक्टर त्याला एखाद्या दिशेला वळवत होते. आपलं सुरुवातीचं म्हणणं पूर्ण करू शकलेले पेशंट सुमारे 23 टक्केच होते. आणि माणूस पहिल्यांदा जी तक्रार सांगतो तीच सर्वात महत्त्वाची असते असं नाही, हेही त्यातून पुढे आलं.

अंदाज सोडू नका, तो प्रश्नाच्या रूपात तपासा, पण मोकळा प्रश्न विचारून झाल्यावर. ‘मला वाटतंय पैशापेक्षा भावाच्या बोलण्याचं जास्त लागलंय. बरोबर आहे का, की वेगळंच आहे?’ यातलं ‘की वेगळंच आहे’ गाळू नका. नाही म्हणायला जागा दिली नाही तर अंदाज तपासला जात नाही, लादला जातो.

9. प्रश्न विचारले की समोरचा चिडतो. ‘चौकशा नकोत, सल्ला द्या’ म्हणतो. तेव्हा?

आधी बघा की तुम्ही कारण सांगितलं होतं का. ‘भाडेकरार लेखी आहे का?’ हा प्रश्न एकटा उभा राहिला तर पोलिसी वाटतो. ‘करार लेखी असेल तर रस्ता वेगळा, तोंडी असेल तर वेगळा, म्हणून विचारते: लेखी आहे का?’ असं म्हटलं की तीच चौकशी मदत होते. एवढ्याने निम्मे लोक शांत होतात.

तरीही चिडले तर जर-तरचा सल्ला द्या. ‘असं असेल तर हे करा, तसं असेल तर ते.’ दोन फाटे, फार तर तीन. माणूस आपला फाटा स्वतः निवडतो, आणि निवडताना तुम्हाला हवी होती ती माहिती बहुधा तोंडातून निघतेच. चार-पाच फाटे झाले तर समजा की प्रश्न विचारल्यावाचून गत्यंतर नाही, आणि तसं स्पष्ट सांगा.

10. मी विचारलं, पण पुढे उत्तरच आलं नाही. पुन्हा विचारू का?

एकदा, दिवसभराने. ‘घाई नाही, जमेल तेव्हा लिहा.’ मग सोडून द्या. लिहून टाकल्यावरच हलकं वाटलेलं असतं पुष्कळांना. निरोपात काळजी वाटावी असं काही असेल तर मात्र प्रश्न 14 पाहा, तिथे हा नियम चालत नाही.

11. माझे प्रश्न म्हणजे सल्लाच असतो, असं बायको म्हणते. म्हणजे काय?

बायको बरोबर म्हणते. ‘तू साहेबांशी सरळ बोललास का?’ याला प्रश्नचिन्ह आहे, पण आत ‘साहेबांशी सरळ बोल’ असं लिहिलेलं आहे. ‘डॉक्टरना दाखवलं नाहीस अजून?’ यात तर ओरडाही आहे. ओळखायची खूण सोपी: उत्तर ‘नाही’ आलं तर तुमचं पुढचं वाक्य ‘मग बोल की’ हेच असणार असेल, तर तो प्रश्न नव्हता.

त्याऐवजी ‘आत्तापर्यंत काय काय करून पाहिलंस?’ असं विचारा. साहेबांशी बोलून झालं असेल तर ते येईल, नसेल तर तेही कळेल. आणि त्याने जे करून पाहिलंय तेच तुम्ही नवीन म्हणून सांगण्याची नामुष्की टळेल. हा प्रश्न मी जवळजवळ दरवेळी विचारते.

12. त्याला सल्ला नकोच असेल, नुसतं बोलायचं असेल तर कसं ओळखायचं?

विचारून. ‘काय करावं ते मिळून बघूया, की आधी नुसतं ऐकू?’ इतकं सरळ विचारलेलं लोकांना आवडतं. ‘सल्ला हवाय’ हे पुष्कळदा बोलणं सुरू करायचं सभ्य निमित्त असतं. ‘मला रडू येतंय’ असं कोण लिहिणार?

न विचारताही एक खूण दिसते. तुम्ही प्रश्न 4 मधला ‘कधीपर्यंत काय करायचंय?’ विचारलात आणि उत्तरात करायचं असं काहीच आलं नाही, फक्त झालेल्या गोष्टी आल्या, तर ऐका. त्या रात्री तुमच्याकडे उत्तम तोडगा असला तरी तो ठेवून द्या.

13. प्रकरण तातडीचं असेल तर प्रश्न विचारण्यात वेळ घालवायचा?

नाही. इथे क्रम उलटा. आधी करायची एक गोष्ट, मग प्रश्न. ‘घरात गॅसचा वास येतोय, सल्ला द्या’ याला ‘कधीपासून येतोय?’ हे उत्तर नव्हे. कुठलंही बटण चालू-बंद करू नका, सगळे बाहेर पडा, बाहेर गेल्यावर आपत्कालीन सेवेला फोन करा. नंतर विचारा की सगळे बाहेर आले का. लहान मुलाने औषध किंवा फिनेल गिळलं असेल तर स्वतःहून उलटी करवू नका, डबा किंवा बाटली हातात घेऊन ताबडतोब वैद्यकीय मदत गाठा. किती गिळलं हे फोनवरचे डॉक्टर विचारतील.

पैशाचंही असंच एक तातडीचं रूप आहे. ‘फोनवर एकजण आहे, आत्ताच्या आत्ता पैसे भरा म्हणतोय, सल्ला द्या.’ पहिलं वाक्य: फोन ठेवा. काही भरू नका, कुठलाही आकडा सांगू नका. बाकी सगळी विचारपूस फोन ठेवल्यावर.

मात्र निरोपात ‘तातडीने’ हा शब्द आहे म्हणून प्रकरण तातडीचं होत नाही. माझी खूण अशी की पुढच्या तासाभरात काही न केल्यास जे बिघडेल ते पुन्हा दुरुस्त होईल का? होणार असेल तर दोन प्रश्नांपुरता वेळ आहे.

14. निरोपाच्या सुरावरून माणूस जिवाचं बरंवाईट करील अशी शंका आली तर? विचारल्याने उलट त्याच्या डोक्यात ते येणार नाही का?

ही भीती सगळ्यांनाच असते आणि ती खरी नाही. 2005 साली अमेरिकेत दोन हजारांहून अधिक शालेय विद्यार्थ्यांवर झालेल्या अभ्यासात, आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारल्याने मुलांचा त्रास किंवा तसे विचार वाढल्याचं दिसलं नाही.

म्हणून आडून विचारू नका. ‘तसं काही वेडंवाकडं मनात नाही ना?’ हे प्रश्न 7 मधलं ‘नाही ना’ आहे, त्याला ‘नाही’ च येणार. सरळ विचारा: ‘जीव द्यावा असं मनात येतंय का?’ हो म्हणाले तर पुढचे दोनच प्रश्न: आत्ता सोबत कोण आहे, आणि कसं करायचं ते ठरवलंय का. ठरवलं असेल, साधन हाताशी असेल, तर माणसाला एकटं सोडायचं नाही. जवळचं कोणीतरी तिथे पोचवायचं, साधन लांब करायचं, आपत्कालीन सेवेला किंवा आत्महत्या प्रतिबंधाच्या हेल्पलाइनला लगेच फोन. इथे तुम्ही सल्लागार नाही, दोन माणसांमधला दुवा आहात.

15. विषय माझ्या आवाक्याबाहेरचा असेल, कोर्टाचा किंवा आजाराचा, तर प्रश्न विचारून काय उपयोग?

योग्य दार दाखवण्यापुरते विचारा. कोर्टकचेरीत मी दोनच गोष्टी विचारते: हातात कागद कुठला आला आहे, आणि त्यावर तारीख कोणती आहे. उत्तर द्यायची मुदत चुकली तर चांगला वकीलही हतबल होतो. आजारात: कधीपासून, आणि वाढतंय का. एवढं लिहून घेऊन माणूस तज्ज्ञाकडे गेला तरी त्याचा फेरा वाचतो. त्यापलीकडे विचारलंत तर समोरच्याला वाटतं की आता या उत्तर देणार, आणि ती आशा तुम्ही पुरी करू शकत नाही.

16. ‘माझ्या मैत्रिणीला सल्ला हवाय’ असं असेल तर? मैत्रीण म्हणजे तीच, हे उघड असतं.

असू दे की. उघड करायला लावू नका. ‘मैत्रीण’ हा पडदा तिने मुद्दाम लावला आहे, आणि त्याच्या आडून ती मोकळं बोलते. ‘तुमची मैत्रीण यात काय व्हावं म्हणते?’ असं पडदा ठेवूनच विचारा.

खरोखर मैत्रीण असेल तर एक प्रश्न वाढतो: तिने तुम्हाला विचारायला सांगितलंय का? नसेल, तर ज्याला सल्ला हवाय ती मैत्रीण नाही, तुम्ही. मग प्रश्न असा होतो की मैत्रिणीच्या बाबतीत *तुम्ही* काय करायचं, आणि परिस्थिती, खड्डा, पलीकडचं टोक हे सगळं तुमचं विचारायचं.

17. सगळं विचारून सल्ला दिला. आता काम संपलं ना?

एक प्रश्न राहतो. ‘यातलं तुम्हाला काय जमण्यासारखं वाटतं?’ प्रश्न 5 मधल्या गृहस्थांना हेच विचारलं, तर म्हणाले, ‘तपासणीचं जमेल. पण संध्याकाळी सोडायला मी नाही जाऊ शकत, माझी पाळी दुपारची असते.’ मग ताईचा मुलगा निघाला, तो संध्याकाळी रिकामा असतो. हे मला माहीत असणं शक्यच नव्हतं.